पाच नावांचं पत्र

पत्रं लिहिणं मला चांगलं जमतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. हॉस्पिटलचे विश्वस्तही एकमेकांना सांगायचे, मसुदा बाईंकडून करून घ्या, काही राहून जात नाही. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि मनातल्या मनात फुगायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी लिहिलेल्या एका पत्रात खरोखरच काही राहून गेलं नव्हतं. उलट एक गोष्ट जास्तीची होती. ती कोणती, हे मला भरल्या बैठकीत परक्या माणसाच्या तोंडून कळलं.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात मी खरेदी आणि भांडार सांभाळत होते. तेव्हा आमच्याकडे ऑक्सिजन म्हणजे सिलिंडर. वॉर्डबॉय ते तिरके धरून गरागरा फिरवत व्हरांड्यातून न्यायचे, आणि त्या आवाजाने झोपलेले पेशंट दचकून उठायचे. एकदा सिलिंडर संपला आणि बदलायचा पाना सापडेना. मिळाला तेव्हा पेशंटची नखं निळी पडली होती. तो वाचला, पण मोठ्या डॉक्टरांनी विश्वस्तांसमोर तो पाना टेबलावर आपटला. त्या महिन्यात ठरलं की सगळ्या हॉस्पिटलात ऑक्सिजनची पाइपलाइन टाकायची. खाली एका खोलीत सिलिंडरच्या दोन रांगा, एक संपली की दुसरी आपोआप सुरू होणार, आणि तिथून तांब्याच्या नळ्या प्रत्येक खाटेच्या उशापर्यंत.

जाहिरात दिली, अर्ज आले, कागदपत्रं तपासली आणि पाच जणांना पात्र ठरवलं. दोन मुंबईचे, एक पुण्याचा, एक आपल्या सातपूरचा. या सातपूरवाल्यांच्या गाड्या नाशिकमधल्या निम्म्या हॉस्पिटलांच्या दारात दिसायच्या. पाचवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला, पत्र्याच्या एका शेडमधला.

पाचव्याला यादीत मी आणलं. पस्तिशीचा माणूस, सायखेड्याकडच्या शेतकरी घरातला, आयटीआय करून दहा वर्षं मोठ्या कंपन्यांसाठी नळ्या जोडलेला. आता स्वतःची शेड, हाताखाली तीन वेल्डर. त्याने नांदगावच्या एका छोट्या दवाखान्यात लाइन टाकली होती, ती बघायला मी त्याच्याबरोबर एसटीने गेले. नळीवरचा जोड डोळ्यांना दिसत नव्हता, बोट फिरवून शोधावा लागत होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन वर्षांत एकदाही गळती नाही. परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ताई, आजवर काम माझं आन नाव दुसऱ्याचं. एक मोठं काम माझ्या नावानं झालं पायजे. मग कुनी इचारनार नाय का तू कोन म्हनून."

विश्वस्त त्याच्या नावाला तयार नव्हते. शेडमधला माणूस हॉस्पिटलचं काम करणार का, असं एकाने विचारलं. माझं डोकं लवकर तापतं. मी म्हटलं, मग जाहिरातीत तसं लिहायचं होतं, शेडवाल्यांनी अर्ज करू नये म्हणून. त्याने सगळ्या अटी पूर्ण केल्यात, आता कोणत्या कारणाने काढायचं ते तुम्ही सही करून लिहा. सही कोणालाच करायची नव्हती. पाचवं नाव राहिलं.

आता निविदा भरण्याआधी पाचही जणांना बोलावून काम दाखवायचं आणि त्यांच्या शंकांचं निरसन करायचं, अशी बैठक ठरली. निमंत्रणाचं पत्र मी दोन दिवस घोटलं. सोबत निविदेची कागदपत्रं आणि नकाशा. स्थळ: पहिल्या मजल्यावरचं सभागृह, पायऱ्या चढून डावीकडे. आधी साडेनऊला जागेची पाहणी, पोर्चमध्ये जमायचं, प्रत्येक कंपनीची दोनच माणसं, अधिकारपत्र बरोबर हवं. मोजमापं घ्यायला हरकत नाही, टेप आपापली आणावी. ऑपरेशन थिएटर ऑपरेशनं नसताना दाखवलं जाईल, चपला बाहेर, टोपी आणि मास्क आम्ही देऊ. साडेअकराला बैठक. विषय क्रमाने: कामाची व्याप्ती, तांत्रिक बाबी, मुदत, व्यापारी अटी, शेवटी शंका. शंका लेखी पाठवायच्या, टपालाने, फॅक्सने किंवा हातोहात, पण आधीच्या गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत. पाचनंतर आलेली शंका विचारात घेणार नाही. तोंडी दिलेलं उत्तर कोणावर बंधनकारक नाही. सगळ्या उत्तरांचं एकच खुलासापत्र पाचही जणांना जाईल आणि तेच निविदेचा भाग समजलं जाईल.

सातव्या कलमाचा मला विशेष अभिमान होता. 'शंका विचारणाऱ्याचे नाव कोणत्याही परिस्थितीत उघड केले जाणार नाही.' कोणाच्या प्रश्नावरून त्याचा बेत दुसऱ्याला कळू नये, लहान माणसाने मोठ्यांसमोर संकोचू नये, म्हणून ते घातलं होतं. हेडक्लार्ककाकांना मी ते कलम मोठ्याने वाचूनही दाखवलं.

काका पूर्वी सरकारी कचेरीत होते, तिथून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. टाइपिंग असं स्वच्छ की खोडरबर त्यांच्या टेबलावर नसेच. त्यांनी पत्र टाइप केलं ते त्यांच्या तीस वर्षांच्या सवयीने, आणि ती सवय तोवर माझीही झाली होती. एकच पत्र. वर 'प्रति' लिहून त्याखाली ओळीने पाचही कंपन्यांची नावं, पूर्ण पत्ते, फोन. त्याच्या पाच झेरॉक्स. आणि ज्याला जी प्रत जायची त्याच्या नावासमोर लाल पेनाने बरोबरची खूण. सगळ्या कचेऱ्यांत पत्रं अशीच जात. एकच मजकूर पाच वेळा कोण बडवत बसणार? त्या पाच खुणा मी माझ्या हाताने केल्या, खाली सही केली आणि रजिस्टर पोचपावतीने पत्रं रवाना केली.

वर पाच नावं, पत्ते आणि फोन, खाली सातवं कलम. मी ते पत्र किमान चार वेळा वाचलं होतं. मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

पत्रं सोमवारी गेली. बुधवारी दुपारी अंबडवाला स्वतः आला. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद. दोनच शंका होत्या, त्याही सुवाच्य हस्ताक्षरात. पहिली: नकाशात सिलिंडरची खोली जनरेटरच्या शेडला लागून दाखवली आहे आणि मध्ये डिझेलचे पिंप ठेवायची जागा आहे, ते असंच ठेवायचं आहे का? दुसरी: संपूर्ण मजल्याला एकच बंद करायचा व्हॉल्व दिला आहे, मग एका वॉर्डात आग लागली तर ऑक्सिजन बंद करताना शेजारच्या वॉर्डातल्या पेशंटांचाही बंद करायचा का?

मी नकाशा उघडून पाहिला. पिंपाची जागा तिथेच होती. ऑक्सिजनजवळ तेलाचा थेंबही चालत नाही, हे एव्हाना मलाही कळत होतं. तो नकाशा आर्किटेक्टने काढला, डॉक्टरांनी पाहिला, विश्वस्तांनी मंजूर केला, मी त्याच्या झेरॉक्स काढल्या. इतक्या शिकल्यासवरल्या माणसांत कोणालाही ते पिंप दिसलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, तुम्ही आमच्यावर उपकार केलेत. तो संकोचून हसला, म्हणाला, "नळी वढनाऱ्याला बघावंच लागतं, ताई." कागदावर आवक शिक्का मारून मी त्याला पोच दिली.

नंतरच्या आठवड्याचा गुरुवार हा शंका पाठवायचा शेवटचा दिवस. बाकी चौघांकडून एक ओळही आलेली नव्हती. साडेचारच्या सुमाराला अंबडच्या शेडमधला एक वेल्डर आला, पाकीट देऊन निघून गेला. आत चार ओळी. घरगुती अडचणीमुळे मी या निविदेतून माघार घेत आहे, माझ्या शंकाही रद्द समजाव्यात, तसदीबद्दल क्षमस्व.

मला राग आला. आज त्या रागाचीच जास्त लाज वाटते. मी काकांसमोर तणतणले की ज्याच्यासाठी विश्वस्तांशी वाकडं घेतलं त्याने ऐन वेळी शेपूट घातली, उद्या हे लोक माझ्या तोंडावर हसणार. शेडला फोन केला, तो कोणी उचलला नाही. काका चष्मा पुसत म्हणाले, लहान माणसांचं असंच असतं, बाई. मी त्यावर हो म्हटलं.

शंका मात्र मी रद्द केल्या नाहीत. माणूस माघार घेऊ शकतो, पण डिझेलचं पिंप माघार घेत नाही, असं मी मोठ्या डॉक्टरांना म्हणाले. त्या दोन्ही शंका बैठकीत वाचायच्या आणि उत्तरं द्यायची, असं आम्ही ठरवलं. माघारीबद्दल मी, डॉक्टर आणि काका सोडून कोणालाही माहीत नव्हतं. विश्वस्तांनाही मी सांगितलं नव्हतं.

सोमवारी साडेनऊला पोर्चमध्ये चारही कंपन्यांची माणसं आली. वेगवेगळ्या गाड्यांतून आली, पण उतरल्यावर आधी एकमेकांकडे गेली. मी त्यांना वॉर्ड दाखवायला लागले. ऐंशी खाटा, तीन मजले, नळीचा मार्ग कुठून, भिंत कुठे फोडायची, सगळं सांगत होते. आठ माणसं माझ्यामागे चालत होती. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि मी मागे वळून पाहिलं. कोणाच्याही हातात टेप नव्हती. कोणी वहीत काही लिहीत नव्हतं. पुण्याचा माणूस खिडकीतून बाहेर बघत होता आणि मुंबईचे दोघे नाशिकची हवा किती छान यावर बोलत होते. मी विचारलं, मोजमापं घ्यायची नाहीत का? सातपूरचा मॅनेजर म्हणाला, "नकाशा आहे ना मॅडम, पुरेसा आहे." मला ते विचित्र वाटलं, पण विचित्रच वाटलं, जास्त काही नाही. थिएटरच्या दारात त्यांनी मुकाट्याने टोप्या घातल्या, मास्क लावले, आत डोकावले आणि बाहेर आले.

सभागृहात चहा झाला, मोठे डॉक्टरही येऊन बसले. मी विषयवार सांगत गेले. कामाच्या व्याप्तीवर शंका नाही. तांत्रिक बाबींवर नाही. मुदतीवर चौघांनी एकदमच सांगितलं की चार महिने कमी आहेत, आठ हवेत. मी ते लिहून घेतलं. मग म्हटलं, आता लेखी आलेल्या दोन शंका वाचते, कोणाच्या ते सांगता येत नाही. डिझेलच्या पिंपाची शंका वाचून झाली तसा सातपूरचा मॅनेजर हसला. वाईट माणसाचं हसू नव्हतं ते, घरातल्या पोराच्या हुशारीवर हसावं तसं होतं.

"हे अंबडवाल्याचं," तो म्हणाला. "बारीक बघतो तो. पण तो आता नाही ना? त्याच्या दोन खुर्च्या काढायला सांगा, उगाच मध्ये येताहेत."

मी कागद खाली ठेवला. मी विचारलं, अंबडवाला म्हणजे कोण, आणि तो नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? तो खरोखर गोंधळला. त्याने आपली बॅग उघडली, माझं पत्र काढलं, टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवलं आणि पाचव्या नावावर बोट ठेवलं.

"मॅडम, तुम्हीच कळवलंत की. पत्ता, फोन, सगळं आहे. हे बघा, आमच्या नावासमोर तुमचीच खूण."

मी पाहिलं. त्याच्या नावासमोर माझी लाल खूण होती, आणि वरखाली बाकीची चार नावं तितकीच ठळक. मुंबईच्या माणसानेही मदत करावी तशी आपली प्रत काढून पुढे सरकवली. मला तोंडात मारल्यासारखं झालं. चार प्रतींवर चार खुणा, सगळ्या मी केलेल्या. मी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं, तेही त्या पत्राकडे आ वासून बघत होते. मी कशीबशी म्हणाले की उत्तरं लेखी जातील, आणि बैठक संपवली. जाताना चौघांनी नमस्कार केला, चहा छान होता म्हणून सांगितलं.

दुपारी मी रिक्षाने अंबडला गेले. शेडमध्ये तो एका नळीच्या तुकड्याला आतून फडक्याने पुसत बसला होता. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं, पोराला चहा सांगू का विचारलं. मी नको म्हटलं आणि सरळ विचारलं, घरगुती अडचण कोणती? त्याने नळी पुन्हा हातात घेतली. मी म्हटलं, मी आत्ता बैठकीतून येतेय, त्यांनी माझं पत्र मला दाखवलं. मग तो खाली बसला.

त्याने सांगितलं ते असं. त्याने शंका आणून दिल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सातपूरचा मॅनेजर शेडवर आला, हातात पत्र घेऊन. त्याच्या शेडचं सगळं रोजचं काम सातपूरवाल्यांकडून यायचं. त्यांनी घेतलेली कामं हा करायचा, वर नाव त्यांचं. हे मला माहीत नव्हतं, आणि याने निविदेचा अर्ज केला हे त्यांना माहीत नव्हतं. पत्र मिळेपर्यंत. मॅनेजर ओरडला नाही, धमकी दिली नाही. म्हणाला, आमच्यासमोर निविदा भरायची असेल तर भर, तुझा हक्क आहे, फक्त मग उद्यापासून आमच्याकडे येऊ नकोस. शनिवारी मुंबईच्या एकाचा फोन आला, तांब्याच्या नळ्या ज्याच्याकडून घेतोस तो आमचा माणूस आहे, एवढंच सांगायला. तीन वेल्डर होते, तिघांची घरं होती. त्याने बुधवारपर्यंत विचार केला.

मी म्हटलं, बैठकीला आला असतात तरी त्यांनी तुम्हाला पाहिलंच असतं. हे मी त्याला सांगत नव्हते, स्वतःला सोडवत होते, आणि ते त्याला कळलं असावं. तो शांतपणे म्हणाला, बैठकीला तो निविदा भरायच्या तयारीने आला असता, चार लोकांत, माझ्यासमोर. तोवर पुण्याच्या एका कंपनीकडून नळ्यांचं आणि दोन नव्या कामांचं पक्कं करून घ्यायचं त्याच्या मनात होतं. बोलणी चालू होती. त्याला दहा दिवस हवे होते.

"पत्र चांगलं व्हतं तुमचं, ताई," तो म्हणाला. "सगळं व्हतं त्यात. कुठं यायचं, कवा यायचं. माझा पत्तासुदिक व्हता."

तो टोमणा मारत नव्हता. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिथे त्या स्टुलावर बसून रडले, आणि तो बिचारा मलाच पाणी द्यायला धावला. इतकी वर्षं झाली, पण स्वतःचा एवढा तिटकारा मला पुन्हा कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी विश्वस्तांच्या अध्यक्षांकडे गेले. द्राक्षांचे मोठे व्यापारी, बोलायला तोडून टाकणारे. मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे असं लिहून दिलं आणि निविदा रद्द करून पुन्हा काढा म्हटलं. चौघे आधीच एकत्र आलेत, टेप न आणता आलेत, म्हणजे काम कोणाला जायचं ते त्यांच्यात ठरलंय. त्यांनीही आधी तेच विचारलं, बैठकीत भेटलेच असते ना सगळे? मी म्हटलं, बैठकीत भेटले तर तोंडओळख होते. दहा दिवस आधी पत्ते मिळाले की घरी जाता येतं. अंबडवाल्याकडून आणलेली प्रत मी पुढे ठेवली, त्यांनी तिच्यावरची नावं आणि लाल खूण बघितली. मला वाटलं होतं, आता नोकरी जाणार. ते म्हणाले, पुन्हा काढा, आणि या वेळी पाच पत्रं टाइप करा. मला त्यांच्याकडून ही अपेक्षाच नव्हती, मी थँक्यूसुद्धा म्हणायची विसरले.

काकांनी पाच पत्रं टाइप केली. प्रत्येकावर एकच नाव. जागेची पाहणी प्रत्येकाला वेगळ्या दिवशी. सिलिंडरची खोली नव्या नकाशात मागच्या मोकळ्या अंगणात गेली आणि प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी वेगळा व्हॉल्व आला. टाइप करताना काका एकदाच म्हणाले, बाई, तीस वर्षांत मी अशी किती पत्रं पाठवली असतील हो. मी पुढचं पाकीट चिकटवलं.

पाचवं पत्र मी टपालाने पाठवलं नाही. स्वतः अंबडला घेऊन गेले. त्याने हात पुसले, पाकीट फोडलं, उभ्यानेच शेवटपर्यंत वाचलं. मग वरच्या नावाकडे बघत राहिला. एकटंच नाव होतं, त्याचं.

मी म्हटलं, या वेळी कोणालाही कळणार नाही. तुमचा पाहणीचा दिवसही वेगळा आहे.

त्याने पत्र नीट घडी घालून पाकिटात ठेवलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"पन त्यास्नी ठावं हाय ना आता, ताई."

मला वाटलं होतं मी चूक दुरुस्त करून आणली आहे. मी पाच वेगळी पत्रं करून घेतली होती, वेगळे दिवस ठेवले होते, नवा नकाशा आणला होता, आणि त्याला हवी होती ती एकच गोष्ट माझ्या हातात उरली नव्हती. मी काहीतरी बोलायला गेले, तर तो म्हणाला, जाऊ द्या, तुम्ही आलात, लय झालं.

काम सातपूरवाल्यांना मिळालं. दर बाकीच्यांपेक्षा खरोखर कमी होता, बोट ठेवायला जागा नव्हती. पाऊस संपता संपता नळ्या आल्या, भिंती फोडल्या गेल्या. आणि एका सकाळी मी दुसऱ्या मजल्यावर गेले तर महिलांच्या वॉर्डाच्या दाराशी स्टुलावर उभा राहून तो जोड देत होता. खिशावर सातपूरच्या कंपनीचं नाव शिवलेला निळा शर्ट. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा कामाला लागला.

चार महिने तो तिथे येत होता. आम्ही कामापुरतं बोललो. शेवटी नळ्यांत नायट्रोजन भरून चोवीस तास दाब तपासला. दुसऱ्या दिवशी मी, मोठे डॉक्टर आणि सातपूरचा मॅनेजर मागच्या अंगणातल्या सिलिंडरच्या खोलीत गेलो. दाबाचा काटा केसभरही हलला नव्हता. डॉक्टर खूश झाले, त्यांनी मॅनेजरचा हात हातात घेऊन दाबला. मॅनेजरने चाचणीचा कागद माझ्यासमोर धरला, खाली हॉस्पिटलतर्फे माझी सही हवी होती. 'काम करणाऱ्याचे नाव' या ओळीत कंपनीच्या इंजिनिअरचं नाव टाइप केलेलं होतं. तो इंजिनिअर मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मी पेन हातात धरून थांबले. तो दाराशी उभा होता, हातात पाना घेऊन. मी मॅनेजरला म्हटलं, इथे यांचं नाव लिहा. मॅनेजर म्हणाला, तसं लिहिता येत नाही मॅडम, कंपनीच्या माणसाचंच लागतं. मी म्हटलं, मग मी सही करणार नाही. मोठे डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. वर ऐंशी खाटा होत्या आणि माझ्या सहीशिवाय त्यांच्या उशाशी ऑक्सिजन येणार नव्हता.

तो दारातूनच म्हणाला, "करा सही, ताई. काटा हलला नाय, तेवढं बास."

मी सही केली.